चकलीच्या भाजणीचे कार्ड आणि शेराचे माप

«कथेतली नायिका आईच्या पुसट कार्डावरचा ‘शेर’ सरसकट 933 ग्रॅम धरते. हे योग्य आहे का?»

छटाकांनी मोजायच्या वजनी शेरासाठी हा आकडा बरोबर आहे. धान्याचा शेर मात्र मापी, म्हणजे भांड्याने भरून मोजायचा. दोन चिपट्यांचे मापटे आणि दोन मापट्यांचा शेर होत असल्याने, ज्या कार्डावर चिपटे-मापटे आहे, तिथे शेरही मापीच समजावा.

समजा, चकलीच्या भाजणीसाठी तांदूळ शेरभर, हरभरा डाळ मापटेभर आणि उडीद डाळ चिपटेभर लिहिली आहे. हे प्रमाण सरळ चार, दोन, एक असे पडते, आणि परदेशातल्या कोणत्याही कपाने ते साधते. लेखिकेने नायिकेला उगाच वजनकाट्यावर बसवले, असे मला वाटते.

खरी अडचण मोहनाची आहे. ‘तेल एक छटाक’ हे वजन, सुमारे 58 ग्रॅम. भांडे बदलले की पिठाशी त्याचे प्रमाण बिघडते. त्यातून मापी शेर गावोगावी वेगळा असे. म्हणून आधी एकच चकली तळावी: ती तेलात विरघळली तर मोहन जास्त झाले, दगडासारखी कडक झाली तर कमी पडले.