शब्दचर्चा: फोटोतलं इंग्रजी शब्दकोडं मराठीत कसं आणायचं?

अनुजा
एका सचित्र पुस्तकाचा अनुवाद करते आहे. त्यात एक पानभर फोटो आहे. टेबलावर उघडी चिकटवही, तिच्यात इंग्रजी वर्तमानपत्रातून कापून डकवलेलं शब्दकोडं आणि खाली कुणीतरी हाताने लिहिलेलं एक कोडं. फोटोओळीत लेखकाने वाचकालाच विचारलं आहे की यातलं काय सुटतंय ते बघा. फोटो बदलता येणार नाही.

स्पष्ट वाचता येतात त्या गोष्टी तीन.
१) टू गर्ल्स, वन ऑन ईच नी (७)
२) जी-ई-जी-एस (९,४). ही चार अक्षरं मोठ्या लिपीत सुटी छापली आहेत.
३) हाताने लिहिलेलं: व्हॉट इज ब्लॅक अँड व्हाइट अँड रेड ऑल ओव्हर?

पहिल्याचं मी 'दोन मुली, एकेका गुडघ्यावर एकेक' असं केलं. वाक्य नीट झालं, पण त्यातून काहीच सुटत नाही. दुसऱ्याचं तर भाषांतर करायला वाक्यच नाही. शिवाय 'क्लू'ला मी 'सूचना' लिहिलं होतं, संपादकांनी त्याचं 'संकेत' केलं. दोन्ही कानाला खटकतात. काय लिहावं?

रानवारा
पहिल्याचं उत्तर 'जुळ्या' असणार. आजीच्या मांडीवर दोन नाती. कंसातला ७ म्हणजे बहुतेक सातवा प्रश्न.

शशांक_चौकट
रानवारा, कंसातला आकडा उत्तराची लांबी सांगतो, प्रश्नाचा क्रमांक नाही. सात रोमन अक्षरं हवीत. उत्तर आहे 'पॅटेला', म्हणजे गुडघ्याची वाटी. पॅट आणि एला ही दोन मुलींची नावं जोडली की तो शब्द होतो, आणि वाटी प्रत्येक गुडघ्यावर एकेक असतेच. म्हणजे सूचनेचा पहिला भाग शब्दाचे तुकडे देतो आणि दुसरा भाग अर्थ देतो. अनुजाताईंच्या वाक्यात अर्थाचा भाग टिकला, पण तुकडे गेले, कारण 'गुडघ्याची वाटी' या शब्दांत मुली कुठेच नाहीत.

दुसऱ्याचं उत्तर 'स्क्रॅम्बल्ड एग्ज'. 'एग्ज'चीच चार अक्षरं विस्कटून छापली आहेत, म्हणून 'विस्कटलेली अंडी'. तिथे अक्षरांची मांडणी हीच सूचना आहे.

तिसऱ्याचं उत्तर वर्तमानपत्र. 'लाल' आणि 'वाचलेलं' यांचा इंग्रजी उच्चार एकच, त्यावर ते उभं आहे. फोटोत स्पेलिंग कोणतं आहे ते भिंगाखाली बघा. लाल रंगाचं असेल तर कोडं कोडं राहतं. वाचण्याचं असेल तर लिहिणाऱ्याने उत्तर अर्धं सांगून टाकलं आहे, आणि तुमच्या मराठी कोड्यातही तितकंच उघडं करावं लागेल.

वाईकर
फोटो हा दस्तऐवज आहे. त्यात जे लिहिलंय तेच शब्दशः मराठीत द्यावं आणि तळटीप जोडावी. आपल्या पदरचं कोडं घालण्याचा अधिकार अनुवादकाला नाही. आणि असं पर्यायी कोडं मराठीत होणारही नाही. इंग्रजीत अक्षरं सुटी असतात, ती कशीही फिरवा. मराठीत काना, मात्रा, जोडाक्षरं व्यंजनाला चिकटलेली. म्हणून मराठी शब्दकोड्यात नुसते समानार्थी शब्द विचारतात.

शशांक_चौकट
वाईकर, अर्धी गोष्ट बरोबर आहे. मराठी चौकटीत एका घरात पूर्ण अक्षर बसतं, काना-मात्रा-अनुस्वारासकट. इंग्रजीत २६ सुटी अक्षरं असल्याने त्यांची उलथापालथ करून दुसरा अर्थपूर्ण शब्द मिळणं सोपं. मराठीत 'का', 'कि', 'कं' ही तिन्ही वेगळी घरं, म्हणून अक्षरं ढवळून नवा शब्द क्वचितच निघतो. पण आपल्याकडे शब्द तोडण्याची आणि जोडण्याची सोय फार मोठी आहे. संस्कृतातलं जुनं कूट बघा: 'कं बलवन्तं न बाधते शीतम्?' कोणत्या बलवानाला थंडी बाधत नाही? उत्तर प्रश्नातच आहे: 'कंबलवन्तम्', ज्याच्याकडे कांबळं आहे त्याला. मधली जागा मिटवली की प्रश्नाचं उत्तर होतं. पॅट आणि एला यांची युक्ती याच जातीची.

तशीच मराठीत घडवून बघू. अवयव हवा, तो प्रत्येक बाजूला एकेक हवा आणि त्याचे दोन अर्थपूर्ण तुकडे पडायला हवेत. 'मनगट' घ्या: मन अधिक गट. सूचना अशी: 'चित्तामागे टोळी, दोन्ही हातांना एकेक (४)'. चित्त म्हणजे मन, त्याच्या मागे टोळी म्हणजे गट, आणि उरलेला भाग अर्थ. चार घरं: म, न, ग, ट.

दुसऱ्यासाठी अंडी सोडून द्या. उत्तरात मांडणीचं वर्णन आणि सूचनेत ती मांडणी, एवढंच राखायचं आहे. 'गागं (३,२)' अशी सूचना द्या. उत्तर 'उलटी गंगा'. उ-ल-टी तीन घरं, गं-गा दोन. उलटवताना अनुस्वार 'ग'बरोबरच फिरतो, तो सुटा काढून दुसऱ्या अक्षरावर ठेवायचा नाही. ठेवलात तर 'गांग' होतं आणि कोडं बुडतं.

गौतमी
'गागं' फारच छान! तिसऱ्यासाठी आपल्या क्रियापदातच सोय आहे. 'वाचणे' म्हणजे वाचन करणे आणि जिवंत राहणे. 'अंग काळं-पांढरं, घरोघर लोक याला वाचतात, तरी हा दुसऱ्या दिवशी वाचत नाही.' उत्तरही वर्तमानपत्रच राहतं, म्हणजे फोटोशी विसंगती नाही. आमच्याकडे मात्र याला कोडं नाही, उखाणा म्हणतील. 'उखाणा घाल' म्हणजे कोडं घाल.

वाईकर
उखाणा म्हणजे लग्नकार्यात नाव घेणं. बाकी वापर सैल.

गौतमी
सैल नाही हो, तो जुनाच वापर आहे. नाव घेण्याचा उखाणा आणि ओळखायचा उखाणा दोन्ही गावोगाव चालतात. कुठे आहणा, कुठे हुमाण म्हणतात. 'कोडं' हा शब्द मला 'कूट'वरून आलेला वाटतो.

रानवारा
मी 'कोडकौतुक'मधल्या कोडावरून समजत होतो. लाडाने घातलेला प्रश्न.

अनुजा
एक अडचण राहिलीच. 'गागं' आणि 'मनगट' मला फार आवडले, पण फोटोत जाळी दिसते आहे आणि आडव्या पहिल्या ओळीत इंग्रजी पॅटेला पेन्सिलीने भरलेलं स्पष्ट वाचता येतं. खाली मी मनगट छापलं तर वाचक गोंधळणार नाही का? शिवाय उजव्या खालच्या कोपऱ्यावर कप ठेवलेला आहे, तिथली घरं दिसत नाहीत. शेवटच्या आडव्या शब्दाबद्दल लेखकाने काही म्हटलंय, पण तो शब्दच कपाखाली आहे.

शशांक_चौकट
कपाखालचं आधी. ब्रिटिश वर्तमानपत्रांतली जाळी बहुतेक वेळा अर्ध्या फेऱ्याने फिरवली तरी तशीच दिसते. म्हणजे १५ बाय १५ ची जाळी असेल तर वरून पहिल्या ओळीतलं डावीकडचं घर जसं, तसंच शेवटच्या ओळीतलं उजवीकडचं. पहिल्या ओळीत डावीकडून सात पांढरी घरं पॅटेलाची आणि आठवं काळं असेल, तर शेवटच्या ओळीत उजवीकडून सात पांढरी आणि त्याआधीचं काळं. फोटोची प्रत काढून उलटी धरा आणि मूळ फोटोशेजारी ठेवा, दिसेल. म्हणजे झाकलेला शब्द सात अक्षरांचा आहे एवढं ठरतं. त्या सूचनेच्या कंसात ७ दिसतोय का, तेही जुळवा. नसेल तर जाळी सममित नाही किंवा तुम्ही दुसऱ्याच कोड्याची सूचना वाचताय. कात्रणांच्या वहीत दोन कोड्यांचे तुकडे शेजारी डकवलेले असतात, तिथे हे हमखास होतं.

आता ओळीचं. जिथे फोटोत उत्तर वाचता येतं तिथे बदली सूचना देऊ नका. तिथे युक्ती सांगायची: 'दोन मुली, एकेका गुडघ्यावर एकेक. उत्तर पॅटेला, म्हणजे गुडघ्याची वाटी. पॅट आणि एला ही नावं जोडून.' वैद्यकीय पुस्तकांसारखं 'पटेला' लिहू नका, नाहीतर पॅट हरवते. जिथे उत्तर भरलेलं नाही तिथे 'गागं' चालेल, कारण वाचकाला सोडवायला काहीतरी हवं आहे. हाताने लिहिलेल्याला गौतमीताईंचं कोडं बिनधास्त द्या.

वाईकर
म्हणजे एकाच पानावर एक अनुवाद, एक रूपांतर, एक नवनिर्मिती. वाचकाला कसं कळणार कुठलं काय? 'गागं'च्या शेजारी फोटोत चार रोमन अक्षरं दिसणारच ना.

शशांक_चौकट
दिसणार. म्हणून ओळीत 'मूळ सूचनेच्या धर्तीवर' एवढे शब्द घालायचे. कमी-अधिक इथे नाही करता येत.

वाईकर
मला हे पटलेलं नाही. तळटीप हवीच.

मीनल
जरा बाजूचं विचारते. आमच्या सोसायटीच्या अंकासाठी मराठी शब्दकोडं करते. संगणकावर जाळी बनवते तर 'क्षमा' लिहिलं की पाच घरं पडतात, काना वेगळ्या घरात जातो. वर उभ्या-आडव्या शब्दांच्या छेदावर 'की' आणि 'कि' असा गोंधळ होतो.

शशांक_चौकट
तो प्रोग्रॅम अक्षरं न मोजता संगणकातली चिन्हं मोजतो. 'क्ष' म्हणजे त्याच्या लेखी क, हलन्त आणि ष. घरं हाताने भरा, किंवा पूर्ण अक्षरावर तोडणारा प्रोग्रॅम शोधा. छेदाच्या घरात शक्यतो बिनमात्रेचं अक्षर येईल असे शब्द निवडा: 'मनगट'सारखे. ह्रस्व-दीर्घ चालवून घेणार असाल तर अंकात तसं आधी छापा, नाहीतर तक्रारी येतात.

गौतमी
आणि अनुजाताईंचा शब्द राहिला की! 'सूचना' कार्यालयाच्या फळ्यावर लावतात, 'संकेत' म्हणजे गुप्त खूण किंवा रूढी. मला 'सूचक' बरा वाटतो.

वाईकर
'शोधसूत्र' नेमका आहे.

रानवारा
क्लूच लिहा. सगळ्यांना कळतं.

अनुजा
फोटोओळीत जागा कमी, 'शोधसूत्र' मावणार नाही. 'सूचक' घेते बहुतेक. पण 'तो सूचक' की 'ते सूचक'?

गौतमी
'ते'. नाम म्हणून वापरतोय ना.

वाईकर
'तो'. 'वाचक', 'लेखक' यांच्यासारखाच.

मीनल
मग 'मापक' काय?