अवतरणातले 'करण्यात येईल' आणि 'आपण'

वार्ताहर: पाणीपुरवठा अभियंत्यांचे लेखी निवेदन असे होते : "फुटलेल्या जलवाहिनीची दुरुस्ती युद्धपातळीवर करण्यात येत असून दोन दिवसांत पाणीपुरवठा पूर्ववत करण्यात येईल." असे कोणी बोलत नाही, म्हणून मी अवतरणात "आम्ही दोन दिवसांत पाणी सोडू" असे लिहिले. बातमी छापून आल्यावर 'आम्ही हा शब्द माझा नाही' असे त्यांनी फोन करून सांगितले. या दोहोंत खरोखर एवढा फरक आहे का?

निवृत्त उपसंपादक: आहे, आणि तो दोन ठिकाणी आहे. 'करण्यात येईल' म्हणणारा काम कोण करणार हे मोकळे ठेवतो. तुम्ही 'आम्ही' लिहून ते काम त्यांच्या गळ्यात घातले. शिवाय 'पूर्ववत' म्हणजे आधी जितके येत होते तितके. 'पाणी सोडू' हे वचन तासभर पाणी सोडूनही पाळता येते. मी असे लिहिले असते : "दुरुस्तीचे काम जोरात सुरू आहे. दोन दिवसांत पाणी पहिल्यासारखे येऊ लागेल."

अनुवादक: कर्मणी प्रयोग इंग्रजीतूनच आलेला असल्यामुळे तो अवतरणातून सरसकट काढून टाकावा.

निवृत्त उपसंपादक: 'त्याने आंबा खाल्ला' हाही कर्मणीच आहे आणि तो अस्सल मराठी आहे. जड वाटते ते 'करण्यात येणे'. मात्र ते काढताना कर्ता पदरचा घालू नये. अर्थात माझ्या 'येऊ लागेल' या रचनेतही एक उणीव राहते, कारण कोणीतरी काम करणार आहे ही छटा तीत फिकी होते.

मुद्रितशोधक: माझा अनुभव 'आपण'चा आहे. 'आपण निवडणूक लढवणार नाही, असे त्यांनी सांगितले' या वाक्यातील 'आपण' म्हणजे ते स्वतः. शीर्षक करताना आमच्याकडे हेच शब्द जसेच्या तसे अवतरणचिन्हांत गेले, आणि सगळा पक्षच निवडणूक लढवणार नाही असा अर्थ वाचकांनी घेतला. अवतरणचिन्हे घातली की 'आपण'चा 'मी' करावाच लागतो.

अनुवादक: ते मान्य. परंतु मग लेखी निवेदनाला बोलीचे रूप देऊन 'ते म्हणाले' असे लिहिणे तरी योग्य आहे का? ते तसे बोललेलेच नाहीत.

निवृत्त उपसंपादक: यावर आमच्या टेबलावर कधीच एकमत झाले नाही. माझ्या मते अवतरणचिन्हे काढावीत आणि 'निवेदनात म्हटले आहे' असे लिहावे. बोलके वाक्य हवे असेल तर फोन करावा.

वार्ताहर: पाठपुराव्याच्या बातमीसाठी आज तसाच फोन केला. ते म्हणाले, "ठेकेदाराची माणसं कामाला लागली आहेत. उद्या संध्याकाळपर्यंत पाणी येईल, पण वरच्या भागाला दाब कमी राहील." दाबाचा उल्लेख निवेदनात नव्हताच. आता 'माणसं' तसेच छापावे की 'माणसे' करावे?