नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘गोड बोला’ लिहून जुनं भांडण मिटतं का?

निशिगंध: आमच्या घरच्या ग्रुपवर ४१ माणसं आहेत. माझे बाबा आणि मोठे काका पाच वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. दोघंही ग्रुपवर आहेत, रोज वाचतात, पण एकमेकांच्या मेसेजला उत्तर देत नाहीत. संक्रांतीला गोड बोलण्याच्या आणि जुनं विसरण्याच्या चार ओळी टाकाव्या असं मनात आहे. मी हे लिहिलंय: ‘तिळगूळ घ्या, गोड बोला. आमचा तिळगूळ सांडू नका, आमच्याशी भांडू नका. कळत-नकळत कोणाचं मन दुखावलं असेल तर मोठ्या मनाने माफ करा. झालं गेलं गंगेला मिळालं.’ टाकू का? आणखी चांगल्या ओळी सुचवा.

तात्या कराडकर: बिनधास्त टाक पोरी. संक्रांत हा क्षमेचाच सण आहे, जैन लोक मिच्छामि दुक्कडम् म्हणतात तसंच आपलं तिळगूळ घ्या. आमच्या गावात दोन भावांचा बांधावरून वाद होता. संक्रांतीच्या संध्याकाळी देवळात म्हाताऱ्या माणसांनी दोघांच्या हातावर तीळ ठेवले आणि म्हणाले, द्या एकमेकाला. चाळीस माणसं बघत होती, नाही म्हणायला तोंडच नव्हतं. दोघांनी दिले. दुसऱ्या दिवसापासून एकाच मोटेवर पाणी. आता देऊळ नाही तर ग्रुप आहे, एवढाच फरक. चारचौघांत झालं की माणूस मागे फिरत नाही.

जुनी पेटी: मी तात्यांच्या विरोधात आहे. शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, आणि गल्लीतल्या बायकांची पत्रंही लिहून दिली. तेव्हा संक्रांतीच्या पत्रात कागदाच्या पुडीत हलव्याचे दहा-बारा दाणे घालून पाठवायचो. त्यामुळे या ओळी कोण कोणाला लिहितो आणि वाचणाऱ्याला त्या कशा लागतात, हे जवळून पाहिलंय.

‘गोड बोला’ ही आज्ञा आहे, आणि ती समोरच्याला आहे. दारात उभं राहून हे म्हणतो तेव्हा ती बोचत नाही, कारण समोरचाही आपल्या हातावर तिळगूळ ठेवून तेच म्हणतो. लहान असेल तो वाकतो, मोठा असेल तो पाठीवरून हात फिरवतो. देवाणघेवाण झाली की आज्ञा दोघांनाही सारखी लागू होते. ग्रुपवर फक्त एक बाजू जाते. ज्याचं मन दुखलंय तो वाचतो तेव्हा त्याला ऐकू येतं, ‘तू आता गप्प बस.’

‘सांडू नका, भांडू नका’ पोरांच्या तोंडी गोड वाटतं. भांडण असलेल्या घरात त्याचा अर्थ होतो, भांडता ते तुम्ही, आम्ही नाही.

‘दुखावलं असेल तर’ मधला ‘तर’ काढ. पाच वर्षं अबोला आहे म्हणजे दुखावलंय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ‘तर’ लिहिलं की दुखणं खरं आहे की नाही हे समोरच्याने पुन्हा सिद्ध करायचं.

आणि ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ हे फक्त ज्याचं नुकसान झालं त्यानेच म्हणायचं वाक्य आहे. ज्याने केलं त्याने ते म्हणायचं नसतं. तुमच्या घरात कोणी काय केलं ते तू लिहिलं नाहीस. ते कळल्याशिवाय मी एकही ओळ सुचवणार नाही.

तात्या कराडकर: बाई, तुम्ही शब्दांची फार चिरफाड करता. माणसं भाव बघतात.

जुनी पेटी: भाव बघायला चेहरा लागतो, तात्या. ग्रुपवर शब्दच दिसतात.

सांगलीची सून: मिच्छामि दुक्कडम् आणि तिळगूळ एक नाही हो, तात्या. आम्ही दिगंबर जैन. दशलक्षण पर्व संपलं की आमच्याकडे क्षमावाणी असते. दोन्ही ठिकाणी माणूस स्वतःच्या दोषाबद्दल बोलतो. मिच्छामि दुक्कडम् म्हणजे माझं दुष्कृत मिथ्या होवो. त्यात समोरच्याने कसं वागावं यावर एक शब्द नाही. तिळगुळात उलटं आहे, तुम्ही बोला.

पण आमचंही ग्रुपवर येऊन तेच झालंय. फुलांचं चित्र, खाली ‘उत्तम क्षमा’, दोनशे जणांना एकदम. माझ्या आजेसासूबाई त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्यांकडे जात नसत. वर्षभरात जिच्याशी वाजलं असेल तिच्याच दारात आधी जायच्या, आणि कशावरून वाजलं ते नाव घेऊन सांगायच्या. ‘त्या दिवशी नळावर मी तुमच्या सुनेला बोलले’ असं. बाकीच्यांकडे नंतर.

कृष्णाकाठ: मला वेगळं विचारायचंय. माझे यजमान श्रावणात गेले. वर्षभर आमच्याकडे सण नाही. दिवाळीला सासरच्या ग्रुपवर शुभेच्छांचे चाळीस मेसेज आले, एकाने माझं नाव घालून ‘आनंदाची जावो’ लिहिलं. संक्रांतीला तर हळदीकुंकू, वाण, काळ्या साड्यांचे फोटो रथसप्तमीपर्यंत चालतात. रागावले नाही मी कोणावर, पण तेवढे दिवस फोन उलटा ठेवते. गोड ओळी लिहिताना यंदा कोणाच्या घरी काय झालंय ते बघून लिहावं, एवढंच म्हणायचं होतं. विषय सोडून लिहिलं असेल तर सांगा.

जुनी पेटी: विषय सोडून मुळीच नाही. अशा वेळी ग्रुपवर काहीही असो, त्या घरी स्वतंत्र दोन ओळी जायला हव्यात, आणि त्यात शुभेच्छा हा शब्द नको. ‘यंदा तुमच्याकडे सण नाही, पण आठवण आहे. रविवारी येऊन बसेन.’ एवढं पुरतं.

बेळगावचा बाळू: आमच्याकडे कानडी शेजारी एळ्ळु-बेल्ल देताना म्हणतात, एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडु. तीळगूळ खा आणि चांगलं बोल. तीही आज्ञाच. इतकी वर्षं कोणाला बोचली नाही, आताच का बोचावी? बाकी तात्यांशी मी सहमत. माझी बहीण एका मेसेजवर परत आली.

निशिगंध: जुनी पेटी यांनी विचारलं म्हणून सांगते. आधी लिहायला लाज वाटली. आजी गेली, तेराव्याला सगळे जमले होते. आजीच्या सोन्याच्या पाटल्या सापडेनात. बाबांनी पंगतीत सगळ्यांसमोर म्हटलं की पाटल्या मोठ्या काकूने ठेवून घेतल्या. काकू काही न बोलता उठून गेली. वर्षभराने कळलं की आजीने त्या आधीच स्वतःच्या धाकट्या बहिणीकडे ठेवायला दिल्या होत्या. बाबांना कळलं, पण ते काही बोलले नाहीत. काकांचा अबोला तेव्हापासून आहे.

सांगलीची सून: म्हणजे भांडण दोन भावांचं नाहीच. काकूंवर चोरीचा आळ आहे आणि पाच वर्षं तो कोणी उतरवला नाही.

तात्या कराडकर: हे आधी सांगायचं होतंस. पण बघा, माझंच म्हणणं खरं ठरतं. आळ चाळीस माणसांसमोर घेतला ना? मग कानात येऊन माफी मागितली तर ज्या चाळिसांनी ऐकलं त्यांच्या मनात तो तसाच राहणार. म्हणून ग्रुपवरच लिहायला पाहिजे.

जुनी पेटी: इथे तात्यांचं मी मानते. आळ सगळ्यांसमोर घेतला तर तो सगळ्यांसमोरच मागे घ्यावा लागतो. पण क्रम महत्त्वाचा. आधी काकूंना एकटीला, मग त्या हो म्हणाल्या तर ग्रुपवर. नाहीतर काय होतं ते मी पाहिलंय. माफीचा मेसेज पडतो, पाच मिनिटांत आत्या, मामा, मावसभाऊ सगळे लिहू लागतात, ‘व्वा, किती मोठं मन’, ‘आता वहिनींनीही सोडून द्यावं’. ज्याने आळ घेतला त्याचं कौतुक, आणि जिच्यावर घेतला तिच्यावर माफ करायची सक्ती. तिने एक अंगठा टाकला की लोक मिटलं म्हणतात. मिटलेलं नसतं. पुढच्या लग्नात ती पंगतीला बसत नाही, तेव्हा कळतं.

तात्या, तुमच्या देवळातले दोघे भाऊ बरोबरीचे होते. बांधावर दोघांचाही थोडा-थोडा दोष असणार. इथे तसं नाही.

आणि निशिगंध, हे तू लिहायचं नाहीस. तुझ्या बाबांनी लिहायचं. पुतणीच्या ओळींनी काकूंवरचा आळ जात नाही. बाबांना असं काही दाखव:

‘वहिनी, आईच्या तेराव्याला मी सगळ्यांसमोर तुमच्यावर पाटल्यांचा आळ घेतला. तो खोटा होता. पाटल्या मावशीकडे होत्या हे मला वर्षभरात कळलं, तरी मी गप्प बसलो. ही दुसरी चूक. संक्रांतीला तिळगूळ घेऊन यायची इच्छा आहे. तुम्ही या म्हणालात तर येईन, नको म्हणालात तर येणार नाही आणि राग धरणार नाही. हे मी ग्रुपवर सगळ्यांना सांगावं की नाही, ते तुम्ही ठरवा.’

यात ‘गोड बोला’ कुठेही नाही, मुद्दाम.

त्या हो म्हणाल्या तर ग्रुपवर एवढंच: ‘आईच्या तेराव्याला मी वहिनींबद्दल जे बोललो ते खोटं होतं. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत, म्हणून तुमच्यासमोरच मागे घेतो. यावर कोणी काही लिहू नये, ही विनंती.’ तिळगुळाच्या ओळी त्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी टाकाव्यात. दोन्ही एकाच मेसेजात आलं की माफी शुभेच्छेत विरघळून जाते.

बेळगावचा बाळू: ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनने लिहायचं अशी सोय असते. एक दिवस ती चालू करा, म्हणजे कौतुकाचे मेसेज येणार नाहीत.

सांगलीची सून: मग काकूंना काही म्हणायचं असलं तर? पाच वर्षांनी बोलायची वेळ आली आणि तोंड बंद?

बेळगावचा बाळू: हे लक्षात आलं नाही. त्यांनाही अ‍ॅडमिन करता येईल, पण ते जरा विचित्र दिसेल.

तात्या कराडकर: मला एक पटत नाही. काकूंना विचारून ग्रुपवर लिहायचं म्हणता. त्या ‘राहू दे’ म्हणणार. आपल्याकडच्या बायका तसंच म्हणतात. मग आळ तसाच राहिला की. मी तर म्हणतो, विचारू नका, लिहा.

जुनी पेटी: ‘राहू दे’ म्हणाल्या तर त्यांच्या मनाविरुद्ध लिहायचं नाही. पण तेराव्याला जे हजर होते त्यातल्या दोन-चार वडीलधाऱ्यांना बाबांनी स्वतः फोन करून खरं सांगावं. ते काकूंना विचारायची गरज नाही, कारण ते बाबांच्या स्वतःच्या चुकीबद्दल आहे.

तात्या कराडकर: फोनवर सांगितलेलं ग्रुपपेक्षा लवकर पसरतं हे खरं. पण फिरत फिरत काय होऊन पोचेल याचा भरवसा नाही. माझं मत अजून ग्रुपकडेच आहे.

निशिगंध: काल रात्री बाबांना ते वाचून दाखवलं. ‘ही दुसरी चूक’ या शब्दांपाशी थांबवलं त्यांनी मला. म्हणाले, हे काढ, पहिली पुरे आहे. मी काढलं नाही आणि कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. सकाळी कागद तिथे नव्हता. पाठवलं का ते विचारलेलं नाही. आई म्हणते तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो, घाई करू नकोस. ग्रुपवर टाकायला लिहिलेल्या माझ्या चार ओळी मी पुसून टाकल्या आहेत.

कृष्णाकाठ: निशिगंध, बाबांना सांगा, काकूंकडे जायचं ठरलं तर एकट्याने जावं. सोबत चार माणसं नकोत.