साइटवरच्या मुलाखतीचे कपडे

"मुलाखत बांधकामाच्या साइटवर आहे, ऊन कडक. ब्लेझर घालू की साधे कपडे?"

आधी फोन करून विचारा, साइटवर फेरी आहे का. असेल तर ब्लेझर राहू द्या. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, जाडसर पँट आणि खाचदार तळाचे बंद बूट घाला. गुळगुळीत तळ रेतीवर सरकतो, आणि समोरचा ते बघतोच! फिकट निळ्या-करड्या रंगावर घाम लगेच उठतो, पांढऱ्यावर धूळ. बारीक चौकडीत दोन्ही लपतं. वेल्डिंग चालू असेल तर पॉलिएस्टर मुळीच नको, ठिणगीने ते वितळून कातडीला चिकटतं. केस मानेजवळ बांधा, उंच अंबाड्यावर हेल्मेट नीट बसत नाही. ओढणी नकोच. ऑफिसातली फेरी नंतर असेल तर बूट पुसायला फडकं ठेवा, बस्स.