आजी म्हणते ज्ञानदा, यंत्र ऐकते कॅनडा

मोहनकाका, ए-१०१: वसुधाताई, काल सायंकाळी आपल्या सासूबाई गॅलरीजवळ "कॉल ज्ञानदा" असे चार-पाच वेळा मोठ्याने म्हणत होत्या आणि प्रत्येक वेळी कोणीतरी इंग्रजीतून कॅनडाविषयी माहिती देत होते. घरी सर्व ठीक आहे ना?

वसुधा, बी-३०४: काका, सर्व ठीक आहे; गोंगाटाबद्दल क्षमस्व. सासूबाईंना मोबाइलवरील अक्षरे नीट दिसत नाहीत, म्हणून बोलून फोन लावता येणारा स्पीकर आणला आहे. त्याची भाषा भारतीय इंग्रजी ठेवली आहे. बाकी सर्व नावे त्याला समजतात. मात्र ज्या नातीसाठी तो आणला, तिचेच नाव तो "कॅनडा" असे ऐकतो.

अनिता, सी-२०२: वसुधाताई, आजींना थोडे सावकाश बोलायला सांगून पाहिले का?

वसुधा, बी-३०४: पाहिले, पण त्याने बिघडलेच. "ज्ञा… न… दा" असे तोडून म्हटले की यंत्राला बोलणे पहिल्या तुकड्यानंतरच संपल्यासारखे वाटते. शेवटी मोबाइलवरील ॲपमध्ये जाऊन आपण बोललेल्या आज्ञांची नोंद उघडली. तेथे `call Canada` असे स्वच्छ लिहिलेले होते, आणि तेव्हा दोष कोठे आहे ते समजले. यंत्र आधी आवाजाचे अक्षरांत रूपांतर करते आणि नंतर ती अक्षरे संपर्कयादीत शोधते. नोंदीत नाव बरोबर असते आणि तरीही फोन लागला नसता, तर यादी तपासावी लागली असती. येथे पहिल्याच पायरीवर घसरण होत होती.

मोहनकाका, ए-१०१: पण नेमके कॅनडाच का?

वसुधा, बी-३०४: आपण ज्ञ चा उच्चार "द्न्य" असा करतो, हिंदीत तो "ग्य" होतो. इंग्रजी शब्दाच्या आरंभी तर द आणि न असे जोडून येतच नाहीत. त्यामुळे यंत्र तो पहिला आवाज जवळच्या कशाततरी बसवते आणि उरलेल्या "आनदा"ला जुळणारा, नेहमी कानावर पडणारा शब्द निवडते. संपर्कयादीतील नावांना ते थोडे झुकते माप देते खरे. पण यादीतील `Dnyanada` वरून त्याने मनाशी बांधलेला उच्चार आपल्या उच्चारासारखा नसेल, तर त्याचा उपयोग होत नाही. हिंदी उच्चाराप्रमाणे "ग्यानदा" म्हणून पाहावे, असे यांनी सुचवले. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "दरवर्षी त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला जाणारी मी, त्यांच्याच धाकट्या भावाच्या नावातला ज्ञ मोडू?" विषय तेथेच संपला.

अनिता, सी-२०२: मग सध्या काय करता?

वसुधा, बी-३०४: पहिला तोडगा सासऱ्यांचा. यंत्र कॅनडा ऐकते ना, मग नातीचा क्रमांकच `Canada` या नावाने साठवा, असे त्यांनी सांगितले. आम्ही हसलो, पण फोन पहिल्याच हाकेला लागला, आणि दोन आठवडे घरात सुख होते. मग टोरांटोला राहणाऱ्या भाच्याचा वाढदिवस आला. सासूबाईंनी सवयीने "कॉल कॅनडा" म्हटले आणि पुण्यात ऐन मीटिंगमध्ये बसलेल्या ज्ञानदाला वाढदिवसाचे आशीर्वाद मिळाले. म्हणून ते नाव आम्ही पूर्ववत केले, आणि काल पुन्हा तीच अडचण आली.

मोहनकाका, ए-१०१: 😄 म्हणजे तोडगा चुकला.

वसुधा, बी-३०४: तोडगा अर्धा बरोबर होता, काका. यंत्राला आपला शब्द शिकवण्यापेक्षा, त्याला आधीच येणारा आणि आपल्याही तोंडात बसलेला शब्द शोधायचा, हे त्यातून उमगले. सासूबाई ज्ञानदाला लाडाने चिमणी म्हणतात. आज सकाळी "कॉल चिमणी" म्हणून पाहिले आणि नोंद उघडली, तर तेथे `call chimney` असे आले होते. पाच वेळा म्हटले, पाचही वेळा तेच. आता ज्ञानदा आजीच्या यादीत `Chimney` आहे.

अनिता, सी-२०२: आमच्या हृषीकेशचेही असेच होते. त्यालाही काही टोपणनाव द्यावे का?

वसुधा, बी-३०४: आधी नेहमीच्या आवाजात पाच-सहा वेळा नाव घ्या आणि नोंदीत काय उमटते ते पाहा. दर वेळी एकच चुकीचा शब्द येत असेल आणि घरात तो दुसऱ्या कशासाठी वापरत नसाल, तर त्याच शब्दाने नाव साठवा. दर वेळी निराळा शब्द येत असेल, तर मात्र टोपणनावच बरे. आणि एक सांभाळा. दुपारी यांनी स्पीकरची भाषा हिंदी करून ठेवली, तेव्हा नोंदीत `चिमनी` असे देवनागरीत आले आणि `Chimney` काही सापडेना. भाषा पूर्ववत केल्यावर लागलीच फोन लागला.

ज्ञानदा, बी-३०४: आई, हा सोसायटीचा ग्रुप आहे. आपल्या घरचा नाही.