सानिकाच्या भेटीचं काय ठरलं? (सोसायटी ग्रुपवरून)

जोशी काकू, बी ३०४: मोऱ्यांची सानिका चौथी पास झाली, जूनपासून मोठ्या शाळेत पाचवीला जाणार, हे सगळ्यांना माहीत आहे. भेट द्यायची हे मागच्या रविवारी ठरलं. आज शुक्रवार. बावीस घरांपैकी नऊ घरांचे शंभर रुपये आलेत. बाकीच्यांना मी दार वाजवून आठवण करायची का?

कुलकर्णी, ए १०२: रोख पाकीट द्यावे ही नम्र सूचना.

प्राची, सी २०१: काकू, आत्ता पाठवते. सॉरी. पण आधी एक विचारते, मोरे या ग्रुपवर नाहीत ना?

जोशी काकू, बी ३०४: नाहीत. ते 'गेट आणि पाणी' ग्रुपवर आहेत.

समीर, ए ४०३: फोटो छापलेला मग देऊया. माझा मित्र करून देतो.

प्राची, सी २०१: समीर, गणपतीत तू दिलेल्या मगावर माझा चेहरा आठ दिवसांत गेला. आता नुसतं कपाळ उरलंय.

देशपांडे सर, सी ४०१: शाईपेन द्यावं. आमच्या वेळी पाचवीला शाईपेन हातात आलं की मोठं झाल्यासारखं वाटायचं.

रेवती, बी १०१: सर, कल्पना छान आहे, पण सानिका डावखुरी आहे. लिहिते तेव्हा हात ओल्या शाईवरूनच जाणार. आत्ता पेन्सिलीनेसुद्धा करंगळीच्या कडेला काळा पट्टा असतो तिच्या.

देशपांडे सर, सी ४०१: मग काय झालं? आमच्या वर्गातले डावरे लिहीतच होते.

जोशी काकू, बी ३०४: सर, तुमच्या वेळी डावऱ्यांच्या हातावर पट्टी बसायची.

कुलकर्णी, ए १०२: रोख पाकीट द्यावे ही नम्र सूचना. (वरचा मेसेज कुणी वाचला नाही असे दिसते.)

समीर, ए ४०३: कुलकर्णी काका, तुमचे शंभर आले का?

कुलकर्णी, ए १०२: तो वेगळा विषय आहे. तुमची स्कूटर माझ्या जागेत असते हाही वेगळाच विषय आहे.

जोशी काकू, बी ३०४: पार्किंग इथे नको!! नेने काका, तुम्ही तीस वर्षं वह्यापेनांचं दुकान चालवलंत. बोला ना काहीतरी.

नेने काका, ए २०२: बोलतो, चष्मा शोधत होतो. डावखुऱ्या मुलीला शाईपेन देता येतं, पण दिसलं ते उचलून चालत नाही. उजव्या हाताने आपण निब कागदावर ओढतो. डावखुरं मूल ती पुढे ढकलतं. त्यात आपली शिरोरेघा! अक्षरं झाल्यावर डावीकडून उजवीकडे लांब रेघ मारायची, म्हणजे निब ढकलतच न्यायची. टोक अणकुचीदार असेल तर कागदात रुततं, दोरे उपटतं आणि शिंतोडे उडतात. म्हणून निब बारीक हवी, पण टोक गोल घासलेलं. जाड निब अजिबात नको. ती शाई जास्त सोडते, ती वाळायला वेळ लागतो आणि तळहात तिच्यावरून जातो.

रेवती, बी १०१: आणि ते बोटं ठेवायला खाचा असलेलं पेन?

नेने काका, ए २०२: नको. खाचा बहुतेक उजव्या पकडीच्या असतात. साधी गोल नळी बरी.

देशपांडे सर, सी ४०१: ड्रॉपरने शाई भरायचं पेन घ्या. शाई पुष्कळ राहते.

नेने काका, ए २०२: सर, माफ करा, पण पाचवीच्या दप्तरात ते नको. त्यात सगळी नळीच शाईची टाकी असते. शाई तळाला गेली की वर हवा साठते, हाताच्या उबेने ती फुगते आणि निबेतून थेंब ढकलते. नेमका निबंधाच्या शेवटच्या ओळीवर पडतो. आत फिरकीची छोटी नळी असते ते पेन बघा. निब दौतीत बुडवून फिरकी फिरवली की शाई वर येते. शाई थोडी मावते, पण त्यामुळे हवाही कमी.

देशपांडे सर, सी ४०१: ठीक आहे. माझ्याकडे चित्रकलेच्या काळ्या शाईची बाटली पडून आहे, ती सोबत देतो.

नेने काका, ए २०२: नको नको! ती पाण्याने न निघणारी शाई निबेखालच्या जिभेत वाळली की पेन मेलं. धुतली जाणारी साधी निळी द्यायची. गणवेशावर सांडली तर लगेच गार पाण्याखाली धरायचं, बहुतेक निघते. पेन सुट्टीत पडून राहणार असेल तर शाई काढून, स्वच्छ पाणी येईपर्यंत फिरकीने पाणी आतबाहेर करायचं. गरम पाणी नाही, साबण नाही.

प्राची, सी २०१: तिच्याकडून वापरून न बघता घ्यायचं कसं? दुकानात नेलं तर गंमत गेली.

रेवती, बी १०१: मला सुचलंय. काका तीन पेनं आणतील. मी तिला म्हणते, बोर्डावर लावायची नोटीस तुझ्या अक्षरात लिहून दे.

जोशी काकू, बी ३०४: छान. आणि तिच्या नव्या शाळेत पाचवीला शाईपेन चालतं का ते मोऱ्यांना सहज विचारून घ्या. तेरा घरं अजून बाकी.

*शनिवार*

रेवती, बी १०१: झालं! वॉचमन केबिनमध्ये तिन्ही पेनांनी एकच नोटीस लिहिली तिने. कागद मुद्दाम तिच्या शाळेच्या वहीतलाच. पहिल्याने शिरोरेघेवर शिंतोडे. दुसरं मध्यम निबेचं, सरसर चाललं, पण दहा आकडे मोजून बोट फिरवलं तरी 'पाणी'चं 'पाी' झालं. तिसरं बारीक, पाच मोजेपर्यंत वाळलं.

नेने काका, ए २०२: वही उजवीकडे तिरकी करायलाही सांगितलं. मग हात ओळीच्या खाली राहतो, ओल्या अक्षरांवरून जात नाही. दोन ओळींत जमलं पोरीला. आधी मनगट वरून आकड्यासारखं वळवत होती.

रेवती, बी १०१: मोरे म्हणाले, शाळेत पेन चालतं. परीक्षेला कंपासपेटीत एक बॉलपेन जास्तीचं ठेवायला हवं.

समीर, ए ४०३: आता पेनावर कोरायचं काय? "सर्व सभासद व व्यवस्थापन समिती यांजकडून चि. सानिका हिस सप्रेम भेट."

नेने काका, ए २०२: टोपणावर बारा-पंधरा अक्षरं मावतात. तुमचं 'व्यवस्थापन समिती' क्लिपेखाली जाईल. नुसतं 'सानिका' कोरा. आणि आधी दुकानात निब पुन्हा तपासा, कोरल्यावर परत घेत नाहीत.

देशपांडे सर, सी ४०१: समितीचं नाव निदान खोक्यावर तरी?

जोशी काकू, बी ३०४: खोक्यावर काय हवं ते लिहा, सर. पेन, दौत आणि दोन जाड कागदाच्या वह्या. उरतील ते पैसे पाकिटात घालू. झालं समाधान, कुलकर्णी?

कुलकर्णी, ए १०२: मी पहिल्यापासून हेच सांगत होतो. शंभर पाठवले.

समीर, ए ४०३: इतिहासात नोंद व्हावी.

प्राची, सी २०१: बाकी सगळं सोडा. उद्या सकाळी १० ते ४ पाणी बंद, हे आधी का नाही सांगितलं? मी पिंप, बादल्या, कुकर सगळं भरून ठेवलंय.

जोशी काकू, बी ३०४: मीपण! टाकी धुणार आहेत का? कुणी सांगितलं?

देशपांडे सर, सी ४०१: बोर्डावर नोटीस आहे. सुवाच्य अक्षर. निळ्या शाईत.

रेवती, बी १०१: अरे देवा.

रेवती, बी १०१: ती चाचणीची होती. तिने खरंच लावली वाटतं.