मदत हवी आहे: दोन फ्लॅटमधला कुठला, हे ठरवायला काय विचारू?

नमस्कार मंडळी, मी म्हापशात राहतो. मावसबहिणीने दोन फ्लॅटचे फोटो पाठवून विचारलंय, "दादा, कुठला घेऊ?" एक तयार, रिसेलचा, दुसऱ्याचं बांधकाम चालू आहे. किंमत, जागा, कार्पेट एरिया, तिचं बजेट, घरात कोणकोण राहणार, काहीच कळवलेलं नाही. एवढ्यावर मत देणं मला पटत नाही, तिची आयुष्यभराची कमाई आहे.

किंमत कळली तरी आकडे थेट ताडता येत नाहीत. बांधकाम चालू असलेला फ्लॅट समजा 60 लाखांचा असेल, तर त्यावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 3 लाख वेगळे. ऑक्युपन्सी मिळालेल्या तयार फ्लॅटवर तो लागत नाही. क्षेत्रफळाचंही तेच. बिल्डर सुपर बिल्टअप सांगतो, त्यात जिना आणि लॉबीचा वाटाही येतो. रेराच्या कार्पेटमध्ये फक्त आतली वापरायची जागा आणि आतल्या भिंती मोजतात, बाल्कनीसुद्धा नाही. म्हणून दोन्हींचा रेरा कार्पेटच मागवणार आहे.

रिसेलवाल्याच्या कागदावर एकट्या नवऱ्याचं नाव आहे, असं ती म्हणाली. आपल्या गोव्याच्या कायद्यात लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्ता दोघांची, म्हणजे विक्रीला बायकोचीही सही हवीच.

हल्लीच गोव्यात फ्लॅट घेतलेल्यांनी कृपया सांगा: तिला आधी काय विचारू? आणि रिसेलमध्ये ऑक्युपन्सी सर्टिफिकेटची प्रत विकणाऱ्याकडे नसेल, तर पंचायतीतून किंवा पालिकेतून कशी मिळवलीत?